तिघा मित्रांचं भागीदारीपत्र: पेपरात आणि प्रत्यक्षात कोणती कलमं हवीतच?

केतकी
एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ड्राफ्टिंगच्या सरावात हा प्रश्न आला होता: अ, ब आणि क हे तीन मित्र लाकडी फर्निचर बनवण्याचा व्यवसाय सुरू करत आहेत. अ ६ लाख रुपये घालतो, पण रोजच्या कामात नसेल. ब ३ लाख घालतो आणि पूर्णवेळ काम करणार. क फक्त १ लाख घालतो, पण तो कसबी सुतार आहे आणि तोही पूर्णवेळ. नफा-तोटा समान. भागीदारीपत्र तयार करा.

मी नाव, पत्ता, भांडवल, नफा, बँक खातं, हिशेब, निवृत्ती, मृत्यू, लवाद अशी सगळी कलमं लिहिली. सरांचा शेरा होता, "मथळे आहेत, करार नाही." म्हणजे नेमकं काय कमी पडलं? योगायोगाने माझा मामेभाऊही दोन मित्रांबरोबर साधारण अशाच रकमा घालून धंदा काढतोय आणि कच्चा मसुदा माझ्याकडे मागतोय. त्यामुळे उत्तर दोन्हीकडे उपयोगी पडेल.

नवी_वाट
भागीदारी कशाला, सरळ एलएलपी करा ना. जबाबदारी मर्यादित राहते, नोंदणी ऑनलाइन होते. आमच्या तिघांचं तसंच आहे.

केतकी
भावाला हे नक्की सांगते. पण पेपरात प्रश्न १९३२ च्या भागीदारी कायद्याखालच्या पत्राचा आहे, तिथे एलएलपी लिहिलं तर शून्यच मिळेल.

ताळेबंद
मी सीएची आर्टिकलशिप करतोय. माझ्या मते भांडवलावरचं व्याज आणि पगार ही कलमं फार ताणायची गरज नाही. पत्रात काही नसलं तरी कायद्याने भांडवलावर ६ टक्के व्याज मिळतंच. पगाराचं मात्र लिहावं. आयकरात फर्मला पगार खर्च म्हणून दाखवायचा असेल तर तो पत्रात असावा लागतो, आणि फक्त काम करणाऱ्या भागीदाराचाच चालतो. म्हणजे इथे ब आणि क. अ ला पगार लिहिलात तरी आयकरात तो खर्च धरला जाणार नाही.

दौत
ताळेबंद, पगाराचं तुम्ही बरोबर सांगितलंत. व्याजाचं मात्र तसं नाही, आणि ही गल्लत पेपरात दरवर्षी दिसते. ते ६ टक्के भांडवलावर नाहीत. भागीदाराने ठरलेल्या भांडवलाच्या वर फर्मला जी रक्कम उचलून दिली, त्या रकमेवर ते मिळतात. कलम १३ मधलं (घ). भांडवलावर व्याज हवं असेल तर पत्रात लिहावंच लागतं, आणि लिहिलं तरी वेगळं काही ठरलं नसेल तर ते नफ्यातूनच द्यायचं. आयकराचा विचार केला तर १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज फर्मला खर्च म्हणून मिळतं, तेही पत्रात दर लिहिला असेल तरच.

केतकी, तुमच्या सरांच्या शेऱ्याचं मूळ मला इथेच दिसतं. पत्र गप्प राहिलं की कायदा बोलतो. कायदा काय म्हणतो? पगार कोणालाच नाही, भांडवलावर व्याज नाही, नफा समान. तुमच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ९ लाख नफा झाला असं धरा. पत्र गप्प असेल तर प्रत्येकाला ३ लाख. घरी बसलेल्या अ ला ३ लाख आणि दिवसभर रंधा मारणाऱ्या क ला पण ३ लाख.

आता पत्रात भांडवलावर १२ टक्के व्याज आणि ब, क यांना महिना १५,००० पगार लिहा. व्याज अ ला ७२,०००, ब ला ३६,०००, क ला १२,०००. पगार दोघांचा मिळून ३,६०,०००. उरले ४,२०,०००, म्हणजे प्रत्येकी १,४०,०००. अ च्या हातात २,१२,०००, ब च्या ३,५६,०००, क च्या ३,३२,०००. नफ्याचं प्रमाण तेच, समान. पण वाटणी बदलली, कारण पैशाला पैशाचं आणि कामाला कामाचं मोल मिळालं. प्रश्नात भांडवल वेगवेगळं आणि काम वेगवेगळं मुद्दाम दिलेलं असतं. ते वाचून तुम्ही कलम घडवता का, हे तपासायचं असतं.

केतकी
आकडे घातल्यावर लख्ख कळलं. मी फक्त "भागीदारांना योग्य मोबदला मिळेल" असं लिहिलं होतं. आणि तोटा? "नफा-तोटा समान" एवढं पुरेसं आहे ना?

दौत
पेपरात प्रश्नानेच समान सांगितलंय, म्हणून तसंच लिहा. भावाला मात्र याचा अर्थ समजावून सांगा. धंदा बुडाला, देणी फेडून हातात काहीच उरलं नाही, १० लाखांचं सगळं भांडवल गेलं असं समजा. वेगळं काही ठरलं नसेल तर भांडवलातली तूटसुद्धा नफ्याच्याच प्रमाणात सोसायची, कलम ४८. प्रत्येकाच्या वाट्याला ३,३३,३३३. अ ने ६ लाख घातले होते, त्याला २,६६,६६७ परत मिळायला हवेत. ते कुठून येणार? ब खिशातून ३३,३३३ घालणार आणि क २,३३,३३३. ज्याच्याकडे १ लाखाच्या वर नव्हतेच, त्या सुताराने मित्राला सव्वादोन लाखांच्या वर द्यायचे.

म्हणून प्रत्यक्षातल्या पत्रात मी विचारतो, भांडवलाची तूट भांडवलाच्या प्रमाणात सोसायची का? तसं लिहिलं तर ६:३:१ ने अ चे ६, ब चे ३, क चा १ लाख गेला आणि कोणी कोणाचं देणं लागत नाही. हे फक्त आपसात. बाहेरचा लाकूडवाला त्याच्या बाकीसाठी तिघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो, त्याला तुमचं आपसातलं कलम लागू नाही.

रंधा
माझा याच धंद्यात कारखाना आहे, दोघे भागीदार आहोत. वकीलसाहेबांनी सांगितलेलं पटलं. पण पत्रात एक गोष्ट कोणी घालत नाही आणि भांडण तिथूनच लागतं, ती म्हणजे उचल. वर्षाचा नफा मार्चनंतर कळतो, घर दर महिन्याला चालवावं लागतं. पगार १५,००० लिहिलाय, पण कोणी २५ उचलतो, कोणी ८. आमच्याकडे लिहिलंय की पगाराव्यतिरिक्त महिन्याला १०,००० पर्यंत उचल, त्यावर लागली तर दोघांच्या लेखी संमतीने. वर्षाच्या शेवटी ती त्या-त्या भागीदाराच्या नफ्यातून वळती.

दुसरं, यंत्रं. माझी कटिंग मशीन मी आधीच घेतलेली होती. ती फर्मची झाली की माझीच राहिली आणि फर्म वापरते, हे लिहून घ्या. आम्ही लिहिलं नव्हतं. मशीन विकायची वेळ आली तेव्हा पैसे कोणाचे यावर बराच काळ बोलणं बंद होतं.

विदुला_म
मी विधी महाविद्यालयात हा विषय शिकवते आणि पेपरही तपासते, म्हणून उत्तरपत्रिका वाचताना मी काय बघते ते सांगते. केतकी, भागीदारीपत्र म्हणजे भागीदारीवरचा निबंध नव्हे. "कलम ४ नुसार भागीदारी म्हणजे..." अशी सुरुवात दिसली की मुलीला मसुदा लिहायचा आहे हे कळलेलंच नाही असं वाटतं. पत्रात कायद्याची चर्चा नको, कायदा कलमाच्या शब्दांत उतरलेला हवा.

सुरुवात तारीख, ठिकाण आणि तिन्ही पक्षकारांच्या पूर्ण वर्णनाने व्हावी: नाव, वय, धंदा, पत्ता. पुढे "यापुढे पक्षकार क्र. १ असा उल्लेख" वगैरे. मग ज्याअर्थी-त्याअर्थी, दोनतीन ओळींत, पसरट नको. त्यानंतर क्रमांक दिलेली कलमं. शेवटी तिघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. भागीदारीपत्राला साक्षीदार कायद्याने सक्तीचे नाहीत, पण उत्तरात ते नसले तर मसुदा अर्धवट वाटतो. आणि स्वतःचं किंवा खऱ्या माणसाचं नाव घालू नका, प्रश्नातली नावंच वापरा.

मधल्या भागात मी तीन जागा शोधते. भांडवल आणि मोबदला एकमेकांशी जुळतात का, हे वर झालंच. दुसरी जागा मुदत आणि निवृत्ती. तिसरी मृत्यू. बँक खातं, हिशेबाची वर्षअखेर, वह्या कुठे ठेवायच्या ही कलमं एकेका वाक्यात संपली तरी चालतात.

केतकी
मॅडम, मुदतीचं मी "ही भागीदारी इच्छाधीन राहील" असं लिहिलं होतं आणि खाली निवृत्तीसाठी ३ महिन्यांची नोटीस. त्यात काय अडचण?

विदुला_म
दोन कलमं एकमेकांना छेद देतात. इच्छाधीन म्हटलं की कोणताही भागीदार लेखी नोटीस देऊन अख्खी फर्मच विसर्जित करू शकतो, कलम ४३. मग ज्याला रागाने बाहेर पडायचंय तो ३ महिने थांबून निवृत्त कशाला होईल? तो विसर्जनाचीच नोटीस देईल. तुमचं निवृत्तीचं कलम कागदावरच राहील.

मी लिहिते ते असं: "ही भागीदारी दि. ... पासून ५ वर्षांसाठी राहील. मुदत संपण्यापूर्वी ती केवळ सर्व भागीदारांच्या लेखी संमतीने विसर्जित करता येईल. मुदतीत निवृत्त होऊ इच्छिणाऱ्या भागीदाराने इतर भागीदारांना ३ महिन्यांची लेखी नोटीस द्यावी. त्याच्या निवृत्तीमुळे फर्म विसर्जित होणार नाही." आता चौथं वाक्य दुसऱ्याला धरून आहे.

शिरीष_५८
मृत्यूच्या कलमाबद्दल विचारतो. वडिलांची फर्म होती, ते आणि त्यांचे एक मित्र. पत्रात लिहिलं होतं की भागीदाराच्या मृत्यूमुळे फर्म बंद होणार नाही, वारस भागीदार होईल. वडील गेले. काकांनी (आम्ही त्यांना काकाच म्हणायचो) दुकान चालू ठेवलं. आईला कधी हिशेब दिला नाही, मलाही आत घेतलं नाही. आम्ही म्हणतो की वारस म्हणून मी भागीदार झालोच. तुम्ही काय म्हणता?

दौत
शिरीषराव, कागद न बघता तुमच्या प्रकरणावर मत देणं योग्य नाही, पण तत्त्व सांगतो. भागीदार दोनच असतील तर एक गेल्यावर उरलेला एकटा माणूस. एकट्याची भागीदारी होत नाही. त्यामुळे "फर्म चालू राहील" असं लिहिलेलं असूनही ती त्या दिवशी संपते. सर्वोच्च न्यायालयाने सेठ गोविंदराम शुगर मिल्सच्या प्रकरणात हेच सांगितलंय. वारस आपोआप भागीदार होत नाही, त्याने आणि हयात भागीदाराने तसं नव्याने ठरवावं लागतं. तुमचा हक्क हिशेबाचा आणि हिश्शाचा आहे. हिस्सा न देता समोरच्याने फर्मच्या मालमत्तेवर धंदा चालू ठेवला असेल तर त्या मालमत्तेमुळे झालेल्या नफ्यातला वाटा किंवा हिश्शाच्या रकमेवर ६ टक्के, यातलं जे हवं ते निवडता येतं, पत्रात उलट ठरलं नसेल तर. एक गोष्ट आजच बघा. विसर्जित फर्मचा हिशेब मागायची मुदत विसर्जनापासून ३ वर्षं आहे. वडिलांच्या मृत्यूची तारीख आणि फर्मच्या सगळ्या वह्यांच्या प्रती घेऊन लगेच वकिलांकडे जा.

शिरीष_५८
अडीच वर्षं झाली. सोमवारीच जातो.

केतकी
सर, मग तिघांच्या पत्रात हे कलम कसं लिहायचं? तिघांत एक गेला तर दोन उरतात, म्हणजे चालेल?

दौत
चालेल, पण तीन गोष्टी लिहून. मी असं लिहितो:

"कोणत्याही भागीदाराच्या मृत्यूमुळे, किमान दोन भागीदार हयात असल्यास, फर्म विसर्जित होणार नाही. मृत भागीदाराच्या वारसांपैकी एका सज्ञान व्यक्तीस, ती इच्छुक असल्यास व हयात भागीदारांची संमती असल्यास, भागीदार म्हणून घेता येईल. तसे न झाल्यास मृत्यूच्या तारखेचा ताळेबंद ६० दिवसांत तयार करून मृत भागीदाराचा हिस्सा त्याच्या वारसांस चार समान तिमाही हप्त्यांत, थकीत रकमेवर द.सा.द.शे. ९ टक्के व्याजासह देण्यात येईल."

"किमान दोन" हे शब्द का आहेत ते आता कळलं असेल. "इच्छुक असल्यास" घातलं कारण वारसावर भागीदारी लादता येत नाही. हप्ते घातले कारण अ गेला तर ६ लाख आणि नफा एकदम काढताना उरलेल्या दोघांचा धंदाच बसेल. याच पद्धतीचा हिशेब निवृत्त होणाऱ्यालाही लावा, म्हणजे दोन वेगळी सूत्रं लिहावी लागत नाहीत. ख्याती धरायची की नाही हे मात्र स्पष्ट लिहा. इथे गिऱ्हाईक क च्या हाताच्या कामासाठी येणार. तो गेला तर त्याच्या वारसांना ख्यातीचा वाटा द्यायचा का, हा पैशाचा प्रश्न आहे. मी सुचवतो की मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याची एक पट, एवढं साधं सूत्र ठेवा.

विदुला_म
दौत यांच्या मसुद्यात एक भर घालते. निवृत्तीच्या कलमात जाहीर सूचनेचं वाक्य हवंच. बाहेर पडलेल्या भागीदाराने सूचना दिली नाही तर नंतरच्या व्यवहारांसाठीही तो बाहेरच्यांना जबाबदार राहू शकतो. हे वाक्य घालणारे विद्यार्थी मोजके असतात आणि ते लगेच उठून दिसतात.

हकालपट्टीच्या कलमाबद्दल विचारते. बरेच विद्यार्थी "दोन भागीदारांच्या बहुमताने तिसऱ्याला काढता येईल" लिहितात. मी असलं कलम ठेवायला सांगते, पण कारणं मोजून आणि उत्तर द्यायची संधी देऊन.

दौत
इथे मी वेगळ्या मताचा आहे. तिघांत बहुमत म्हणजे कायम दोन विरुद्ध एक. कायद्याने तसा अधिकार पत्रात दिलेला असावा लागतो आणि तो सद्भावनेने वापरावा लागतो हे खरं, पण सद्भावना सिद्ध करायला कोर्टातच जावं लागतं. मित्रांच्या पत्रात मी हे कलम घालत नाही. त्याऐवजी धंद्याचं स्वरूप बदलणं, ५०,००० च्या वरचं कर्ज, नवा भागीदार यांना तिघांची संमती आणि बाकी रोजच्या बाबींना बहुमत एवढंच ठेवतो. वाद झाला तर एकच लवाद, नेमायची पद्धत लिहून. दोन लवाद लिहू नका, लवादांची संख्या सम चालत नाही.

विदुला_म
आणि एखाद्याने फर्मच्या पैशांचा अपहार केला तर? तुमच्या पत्राप्रमाणे बाकीच्या दोघांना फर्म विसर्जित करायला कोर्टातच जावं लागेल. माझं मत बदलत नाही.

ताळेबंद
दौत सर, व्याजाचं लक्षात आलं, धन्यवाद. माझी एक शंका. समजा दुसऱ्या वर्षी नफा फक्त १ लाख झाला. पगार ३,६०,००० तर दिलेले आहेत. म्हणजे २,६०,००० तोटा, व्याज कोणालाच नाही, आणि अ च्या वाट्याला ८६,६६७ तोटा, तर ब आणि क ला पगार धरून प्रत्येकी ९३,३३३. शिवाय एवढ्या कमी नफ्यात आयकरासाठी पगाराची मर्यादा ३ लाख, म्हणजे ६०,००० ची वजावट फर्मला मिळणार नाही. "नफा असेल तरच पगार" असं लिहायचं का?

रंधा
असं लिहिलंत तर सुतार दुसऱ्या महिन्यात दुसरीकडे कामाला जाईल. त्याच्या घरी रोज चूल पेटायला हवी.

दौत
दोन्ही प्रकारची पत्रं मी केली आहेत. अ च्या बाजूने बोलाल तर नफ्यापुरता पगार, क च्या बाजूने बोलाल तर ठरलेला पगार. मधला मार्ग म्हणजे महिना ८,००० पक्के आणि बाकीचे नफ्याच्या टक्केवारीत. आयकरासाठी रक्कम किंवा ती मोजायची पद्धत पत्रात स्पष्ट असली म्हणजे झालं. "तिघे वेळोवेळी ठरवतील तसा" असं मोघम लिहू नका, तिथे फर्मची वजावट अडते. पण कोणता मार्ग घ्यायचा हे त्या तिघांनीच ठरवायचं.

केतकी
भावाला आज रात्री हाच प्रश्न विचारते, तिघांना एकत्र बसवून. एक शेवटचं, नोंदणीचं कलम. आमच्या जुन्या पुस्तकात लिहिलंय की महाराष्ट्रात नोंदणी नसेल तर विसर्जनाचा दावाही लावता येत नाही.

दौत
ते कलम ६९(२अ), महाराष्ट्राने केलेली दुरुस्ती. सर्वोच्च न्यायालयाने व्ही. सुब्रमण्यम विरुद्ध राजेश रघुवंद्र राव या निकालात २००९ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे विसर्जन आणि हिशेबाचा दावा अनोंदणीकृत फर्मच्या भागीदारालाही लावता येतो. पण फर्मला फर्निचर घेऊन पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकावर करारापोटी दावा लावायचा असेल तर नोंदणी लागतेच. भावाला सांगा, सह्या झाल्या की लगेच फर्म्स निबंधकाकडे अर्ज करा. आणि पत्र योग्य मुद्रांकावर करा, मुद्रांक भांडवलावर ठरतो, तेव्हा चालू दर बघूनच घ्या.

रंधा
आणि शेड कोणाची आहे तेही विचार. ब च्या वडिलांची असेल तर भाड्याचा करार फर्मच्या नावाने वेगळा करा, भागीदारीपत्रात कोंबू नका.